‘१२ नोव्हेंबर २०२३’ ही तारीख शीटमध्ये तारीख म्हणून का लागत नाही

तक्रार बहुतेक वेळा एकाच रूपात येते. शीटमध्ये तारखांचा रकाना आहे, तारखा डोळ्यांना अगदी नीट दिसतात, पण क्रमानं लावल्या की १ डिसेंबरच्या खाली १० नोव्हेंबर, त्याखाली ११ ऑक्टोबर येतो आणि २ नोव्हेंबर पार खाली जाऊन बसतो. पिव्होट टेबल लावलं तर महिन्यांचे गट पडत नाहीत, प्रत्येक तारखेची वेगळी ओळ होते. एकदा हातानं दुरुस्त केलं तरी पुढच्या महिन्यात नव्या नोंदी आल्या की पुन्हा तेच.

कारण सरळ आहे. एक्सेल किंवा गूगल शीट्ससाठी तारीख म्हणजे एक आकडा असतो. १५ ऑगस्ट २०२३ म्हणजे `45153`. पडद्यावर दिसतं ते त्या आकड्याचं सजवलेलं रूप. ‘१५ ऑगस्ट २०२३’ असं देवनागरीत टाइप केलं की तो आकडा तयारच होत नाही, साधा मजकूर राहतो, आणि मजकूर अक्षरांच्या क्रमानं लागतो. म्हणून १ नंतर १०, १० नंतर ११.

हे एका खऱ्या रकान्यावर करून दाखवतो. काटोलकडच्या एका बागायतदाराची २०२३ च्या आंबिया बहरातल्या फळांची विक्री होती. माल नागपूरला कळमन्याच्या बाजारात जायचा आणि नोंदी त्यांचा पुतण्या मोबाइलवर मराठीतून करायचा. काही दिवस इतवारीतल्या एका मुनीमजींनीही नोंदी केल्या होत्या. पुतण्याचं म्हणणं होतं, "भाऊ, कोण्या महिन्यात किती माल गेला तेच समजून नाही राहिलं." रकान्यात अशा ओळी होत्या:

```
१२ नोव्हेंबर २०२३
दि. ३ डिसेंबर २०२३
५ नवंबर २०२३
ऑक्टोबर २८, २०२३
३१ नोव्हेंबर २३
```

या पाच ओळींत जवळजवळ सगळे त्रास आले आहेत.

आधी सेलमध्ये काय आहे ते बघा

सूत्र लिहायच्या आधी शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये `=ISNUMBER(A2)` टाका आणि खालपर्यंत ओढा. `TRUE` आलं तिथे खरी तारीख आहे, `FALSE` आलं तिथे मजकूर. सगळ्या ओळी `FALSE` असतील तर उलट बरं. मिश्र रकाना जास्त धोक्याचा. तो का, ते पुढे येतंच.

दुसरी तपासणी `=UNICODE(A2)`. हे सूत्र सेलमधल्या पहिल्या अक्षराचा क्रमांक देतं. देवनागरी ० ते ९ या अंकांचे क्रमांक `2406` ते `2415` आहेत. पडद्यावर मराठी दिसतंय आणि क्रमांक मात्र शंभराच्या आसपास येतोय, आणि अक्षरही साधा इंग्रजी अंक नाही, तर मजकूर युनिकोडमध्ये नसून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट बदलून पाहिला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. अशा फाइलला पुढचं काहीही लागू पडत नाही. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, मग इकडे या.

शोधा-बदला का करू नये

बहुतेक जण पहिल्यांदा `Ctrl+H` कडे धावतात. ‘ ऑगस्ट ’ शोधायचं आणि त्या जागी `/8/` टाकायचं. अंकही तसेच बदलायचे. ‘५ ऑगस्ट २०२३’ चं `5/8/2023` झालं, एक्सेलनं ते लगेच तारीख म्हणून उचललंही, म्हणजे काम झालं असं वाटतं.

खरा घोळ इथेच होतो. `5/8/2023` म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे एक्सेल त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरवतं. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल, आणि नवीन घेतलेले कित्येक लॅपटॉप तसेच वापरात असतात, तर ती ८ मे होते. कुठलीही सूचना येत नाही. `15/8/2023` मध्ये मात्र पंधरावा महिना नसतो, म्हणून ती ओळ मजकूरच राहते. परिणामी १ ते १२ तारखांच्या ओळी उलट्या होऊन तारखा बनतात आणि १३ ते ३१ च्या ओळी जशाच्या तशा राहतात. याची खूण सहज दिसते: रकान्याला कुठलंही संरेखन दिलेलं नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला बसतो. उजवीकडच्या सगळ्या ओळींत दिवस बाराच्या आतला दिसला, तर हेच घडलेलं आहे. अशी फाइल हाती आली तर पुढे जाऊ नका, मूळ नोंद मागवा. उलटलेल्या तारखांतून कोणती मुळात बरोबर होती हे शीट बघून खात्रीनं सांगता येत नाही.

महिन्याचं छोटं रूप आधी बदललं तर आणखी एक त्रास. ‘ऑक्टो’ च्या जागी `Oct` टाकलं की पूर्ण लिहिलेल्या ‘ऑक्टोबर’ चं `Octबर` होतं.

काही जण विंडोजची प्रादेशिक रचनाच मराठी करून पाहतात. त्यानं त्या संगणकावरच्या बाकी सगळ्या फाइलींची मांडणी बदलते, फाइल दुसऱ्याकडे पाठवली की उपयोग संपतो, आणि ‘नवंबर’, ‘नोव्हेम्बर’ ही रूपं तरीही बाहेरच राहतात. मी तो मार्ग सुचवत नाही.

महिन्यांचा तक्ता आणि पाच मदतनीस रकाने

मूळ रकाना A ला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी रकाने वाढवायचे. खाली दिलेली सूत्रं एक्सेल २०१३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत चालतात, गूगल शीट्समध्येही तशीच चालतात.

पहिलं काम म्हणजे ‘महिने’ नावाची वेगळी शीट. तिच्या A रकान्यात महिन्याचं नाव, B मध्ये त्याचा क्रमांक, दुसऱ्या ओळीपासून. बारा ओळींवर थांबू नका. एका महिन्याला जितकी रूपं आढळतील तितक्या ओळी द्या:

```
नोव्हेंबर     11
नोव्हेम्बर    11
नोव्हें.      11
नवंबर        11
```

नागपुरात हिंदी रूपं येणारच, तेव्हा जनवरी, फरवरी, अप्रैल, मई, जुलाई, अगस्त, सितंबर, अक्टूबर, अक्तूबर, नवंबर, दिसंबर आधीच भरून ठेवा. सूत्रात महिन्यांची नावं कोंबण्यापेक्षा हा तक्ता बरा, कारण नवं रूप आलं की एक ओळ वाढवली की झालं. सूत्राला हात लागत नाही, आणि फाइल सांभाळणाऱ्या माणसाला सूत्र समजायचीही गरज राहत नाही.

आता B2 मध्ये साफसफाई:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
 SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,"दि.",""),UNICHAR(160)," "),
 UNICHAR(8205),""),UNICHAR(8204),""),","," "),"-"," "))
```

इथे `160` ही न तुटणारी जागा आहे. वेबपानावरून किंवा काही ॲपमधून चिकटवलेल्या मजकुरात ती येते, साध्या स्पेससारखीच दिसते, आणि `TRIM` तिला काढत नाही. `8205` आणि `8204` ही जोडाक्षरं जोडायला किंवा सुटी ठेवायला वापरली जाणारी अदृश्य चिन्हं आहेत. काही कीबोर्ड ‘ऑक्टोबर’ मधल्या क् आणि ट च्या मध्ये असं एक चिन्ह टाकतात. महिन्यांच्या नावांत त्यांची गरज नसते, म्हणून काढून टाकायला हरकत नाही. पण हेच सूत्र माणसांच्या किंवा गावांच्या नावांवर चालवू नका. ‘ऱ्या’ सारखं अक्षर लिहिताना काही ठिकाणी त्या चिन्हांचा आधार घेतलेला असतो.

‘दि.’ काढताना टिंब सोडू नका. नुसतं ‘दि’ काढायला सांगितलं तर मुनीमजींच्या ‘दिसंबर’ चं ‘संबर’ होतं.

C2 मध्ये देवनागरी अंकांचे साधे अंक. सूत्र लांब दिसतं, पण आत एकच गोष्ट दहा वेळा आहे:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
 SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
 B2,"०",0),"१",1),"२",2),"३",3),"४",4),
 "५",5),"६",6),"७",7),"८",8),"९",9)
```

‘१२ नोव्हेंबर २०२३’ आता `12 नोव्हेंबर 2023` झालं. याचे तीन तुकडे D, E आणि F मध्ये घ्यायचे. D2 मध्ये हे लिहा:

```
=TRIM(MID(SUBSTITUTE($C2," ",REPT(" ",50)),1,50))
```

E2 मध्ये हेच सूत्र, फक्त `1,50` च्या जागी `51,50`, आणि F2 मध्ये `101,50`. प्रत्येक स्पेसच्या जागी पन्नास स्पेस टाकून शब्द एकमेकांपासून लांब नेले आहेत, मग पन्नास-पन्नासच्या पट्ट्या कापल्या आहेत. D मध्ये `12`, E मध्ये `नोव्हेंबर`, F मध्ये `2023` आलं पाहिजे.

शेवटी G2 मध्ये तारीख:

```
=IF(ISNUMBER(A2),A2,DATE(VALUE(F2)+IF(VALUE(F2)<100,2000,0),
 VLOOKUP(E2,'महिने'!$A$2:$B$60,2,FALSE),VALUE(D2)))
```

G मध्ये `45242` असा आकडा दिसला तर सूत्र चुकलेलं नाही. तीच १२ नोव्हेंबर २०२३ आहे, सेलला तारखेचं स्वरूप द्या म्हणजे दिसेल.

यातल्या दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, `FALSE`. तो गाळला तर `VLOOKUP` तंतोतंत जुळणी सोडून जवळपासचं नाव उचलतो आणि बिनबोभाट भलताच महिना देतो. दुसरी, दोन अंकी वर्ष. `DATE` ला नुसतं `23` दिलं तर एक्सेल त्यात १९०० मिळवतं आणि तारीख १९२३ सालात जाते. म्हणून शंभराच्या आतल्या वर्षात इथे २००० मिळवले आहेत. विक्रीच्या नोंदींना हे चालतं, जन्मतारखांच्या रकान्याला चालणार नाही. तिथे ‘५७’ म्हणजे १९५७ असतं, तेव्हा वर्ष चार अंकी करून घेणं हाच उपाय.

आणि एक विनंती. या सूत्राभोवती `IFERROR` गुंडाळून रिकामं सेल दाखवू नका. न जुळलेला महिना `#N/A` म्हणून ठसठशीत दिसला पाहिजे. रिकामं सेल बेरजेतून गुपचूप गळतं आणि बागायतदाराला नोव्हेंबरचा माल कमी दिसतो.

दिसायला सारखं, तरी जुळत नाही

तक्ता भरला, सूत्रं लावली, तरी काही ओळींना `#N/A` येतं आणि E मधला शब्द तर तक्त्यातल्या शब्दासारखाच दिसतो. माणूस इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो. या रकान्यात ‘ऑक्टोबर’ च्या काही ओळी अशाच अडल्या होत्या.

अशा वेळी `=LEN(E5)` बघा. ‘ऑक्टोबर’ ची लांबी `7` यायला हवी: ऑ, क, हलन्ताचं चिन्ह, ट, ओकार, ब, र. अडलेल्या ओळीत `8` येत होती. मग `=UNICODE(E5)`. नेहमीच्या ‘ऑ’ चा क्रमांक `2321`, इथे मात्र `2310` आला, म्हणजे पहिलं अक्षर ‘आ’. टाइप करणाऱ्यानं ‘आ’ लिहून त्यावर चंद्राची खूण चढवली होती. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत मात्र वेगवेगळे. कुणी ‘अ’ ला ‘ॉ’ लावून लिहिलं तर तिसरा प्रकार होतो, त्याचा पहिला क्रमांक `2309`. युनिकोड या जोड्यांना एकच मानत नाही, त्यामुळे मजकूर प्रमाणित करणारी साधनंही त्यांना एकत्र आणत नाहीत. ऑगस्टलाही हाच त्रास होतो. नीट लिहिलेल्या ‘ऑगस्ट’ ची लांबी `5`, अशा पद्धतीनं लिहिलेल्याची `6`. एप्रिल ‘ॲप्रिल’ असं लिहिणारेही असतात. तिथेही हाताला लागलेलं पहिलं अक्षर एकच आहे की दोन जोडून केलेलं, ते तपासा.

उपाय मात्र सोपा आहे आणि त्यासाठी क्रमांक पाठ करायची गरज नाही. न जुळलेला शब्द E रकान्यातून कॉपी करायचा, ‘महिने’ शीटमध्ये नव्या ओळीत फक्त मूल्य म्हणून चिकटवायचा, समोर `10` लिहायचं. हातानं टाइप करू नका. तुमचा कीबोर्ड ते अक्षर पुन्हा त्याच्याच पद्धतीनं लिहील आणि जुळणी होणार नाही. तक्त्यात दोन ओळी डोळ्यांना एकसारख्या दिसतील, दोन्ही ठेवा. कुणी नंतर ‘दोनदा आलंय’ म्हणून एक पुसू नये, यासाठी C रकान्यात तसं लिहून ठेवलेलं बरं.

आकडा आला, पण खोटा

`#N/A` दिसतं, म्हणून ते सापडतं. न दिसणारी चूक वेगळी असते. ‘३१ नोव्हेंबर २३’ या ओळीला सूत्रानं काहीच तक्रार न करता १ डिसेंबर २०२३ दिली. नोव्हेंबरला ३१ दिवस नसतात, पण `DATE` जास्तीचा दिवस पुढच्या महिन्यात ढकलतं. ३० फेब्रुवारी २०२३ दिली तर २ मार्च मिळते. महिन्याच्या बेरजेत माल एका महिन्यातून दुसऱ्यात जातो आणि कुणाला कळत नाही. म्हणून H2 मध्ये ही तपासणी हवीच:

```
=IF(ISNUMBER(A2),"मुळात तारीख",DAY(G2)=VALUE(D2))
```

`FALSE` आलेल्या ओळी वहीशी ताडून बघायच्या. ३१ नोव्हेंबर ही ३० असेल की १ डिसेंबर, हे सूत्र सांगू शकत नाही. कळमन्याच्या अडत्याची पट्टी सांगेल. ‘मुळात तारीख’ आलेल्या ओळीही एकदा नजरेखालून घाला. त्यातच वर सांगितलेल्या उलटलेल्या तारखा लपलेल्या असू शकतात. हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबरचा असेल आणि मध्येच मे किंवा जूनची तारीख दिसली, तर ओळखायला वेळ लागत नाही.

‘ऑक्टोबर २८, २०२३’ या ओळीत महिना आधी आहे, त्यामुळे D मध्ये शब्द आणि E मध्ये आकडा जातो. हिलाही `#N/A` येतं. अशा ओळी मोजक्या असतील तर त्यांच्यापुरतं G मध्ये `VLOOKUP(D2,…)` आणि `VALUE(E2)` अशी अदलाबदल करा, आणि H मध्येही `VALUE(E2)` घ्या. सगळा रकानाच तसा असेल तर E आणि D ची सूत्रंच एकमेकांच्या जागी ठेवा.

हा क्रम राज्य शासनाच्या राजपत्रात दिसतो. तिथून उतरवलेल्या मजकुरात शेजारी भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीखही असते, जसं ‘ऑगस्ट १५, २०२४/श्रावण २४, शके १९४६’. तिरक्या रेघेच्या अलीकडचा भाग ठेवा, पलीकडचा आधी वेगळ्या रकान्यात काढून घ्या.

ही शके तारीख ठरलेल्या गणितानं बदलता येते, कारण त्या दिनदर्शिकेत श्रावण दरवर्षी २३ जुलैलाच सुरू होतो. पण ‘कार्तिक शुद्ध एकादशी’ अशी तिथी लिहिली असेल तर या पोस्टमधलं एकही सूत्र लागू नाही. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, आणि २०२३ सारख्या वर्षी अधिक श्रावण आला की पुढचे महिनेही सरकतात. त्या त्या वर्षाच्या पंचांगावरून तिथी आणि तारीख असा वेगळा तक्ता भरावा लागतो. चैत्र, वैशाख ही नावं ‘महिने’ शीटमध्ये १, २ म्हणून कधीच घालू नका. सूत्र चालेल, `#N/A` जाईल आणि सगळ्या तारखा चुकतील.

पुढच्या महिन्यापासून

सगळ्या ओळी तपासून झाल्या की G रकाना कॉपी करून वेगळ्या रकान्यात फक्त मूल्य म्हणून चिकटवा. क्रम, गाळणी आणि पिव्होट त्याच्यावर लावा. मदतनीस रकाने लपवा, पण काढू नका. पुढच्या महिन्याच्या ओळींना तेच लागतील.

पुतण्याला मराठीत लिहू नको असं सांगायचं कारण नाही. त्याला महिन्याचं नाव मराठीत दिसायला हवं, ते तारीख खरी ठेवूनही होतं. एक्सेलमध्ये रकाना निवडून `Format Cells` मधल्या `Custom` मध्ये हे लिहा:

```
[$-44E]d mmmm yyyy
```

आता त्यानं `12-11-2023` टाइप केलं की पडद्यावर नोव्हेंबर मराठीत दिसेल आणि सेलमध्ये आकडाच राहील. त्याआधी त्याच्या संगणकावर प्रादेशिक सेटिंग भारताची आहे ना, ते बघून घ्या. `13-11-2023` टाइप करून उजवीकडे गेलं आणि `1-12-2023` टाइप केल्यावर डिसेंबर दिसला, की पद्धत बरोबर आहे. आजचीच तारीख हवी असेल तर `Ctrl` दाबून `;` दाबलं की पुरतं. मोबाइलवर तो मराठीतच लिहीत राहिला, तर त्या ओळी A रकान्यात तशाच येऊ द्या. महिन्याअखेरीस G मध्ये `#N/A` गाळून घ्यायचं आणि जे नवं रूप सापडेल ते तक्त्यात चिकटवायचं, एवढंच काम उरतं.